खूण एकाच ठिकाणी करा

रविवारी सकाळी पोह्यांवर शेव आणि जिरावण भुरभुरत असतानाच मी घरात जाहीर केलं की आज कुणीही खाऊन पसार व्हायचं नाही. एक प्रश्नावली भरायची आहे. ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला, मुलाने कानात इअरफोन घातले. फक्त सासूबाई झोपाळ्यावरून खूश होऊन म्हणाल्या, "आण इकडे. मला कोण विचारतं एरवी!"

मी समाजशास्त्र शिकवते. आमच्याकडे तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी प्रकल्पाआधी प्रश्नावली तयार करायची असते आणि तिला ३० पैकी गुण द्यायचे असतात. भाषा तटस्थ असल्याचे १०, प्रश्नांचा क्रम सुसंगत असल्याचे १० आणि उत्तरांचे पर्याय योग्य असल्याचे १०. नुसती वाचून प्रश्नावली तपासता येत नाही, ही माझी जुनी खोड. वाचताना सगळ्याच बऱ्या वाटतात. कुणाला तरी भरायला बसवल्याशिवाय ती कुठे लंगडते ते कळत नाही.

या खेपेचा विद्यार्थी रामबागेतला, मराठी घरातला. विषय मोठा छान निवडला होता पठ्ठ्याने: इंदूरच्या मराठी कुटुंबांचं रात्रीचं सराफ्यातलं खाणं. दिवसा सोन्याचांदीचा बाजार, दुकानांची शटरं खाली आली की त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जिलब्या. प्रश्न एकूण ११. कागदाच्या डोक्यावर ठळक अक्षरात सूचना: "खूण एकाच ठिकाणी करा."

पहिला प्रश्न वयाचा. पर्याय: १८ ते २५, २५ ते ४०, ४० ते ६०. मला नेमकी चाळीस पूर्ण झालेली. दोन्हीकडे बसत होते, तेव्हा अर्थातच अलीकडच्या चौकटीत खूण केली. सासूबाईंनी चष्मा वरखाली करून कागद उलटून पाहिला.

"अगं, साठाच्या पुढे काहीच नाही. माझं काय, विसर्जन झालं का?"

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला याचं उत्तर काय देणार? पर्याय एकमेकांवर चढता कामा नयेत आणि कुणी बाहेरही राहता कामा नये, एवढे दोनच नियम आहेत. एका ओळीत दोन्ही मोडायलाही कसब लागतं.

दुसरा प्रश्न, "तुम्ही सराफ्यात खायला जाता का?" खाली कंसात: "नाही असल्यास प्रश्न १२ वर जा." चिरंजीवांनी "नाही" वर खूण केली. (हे खोटं आहे, पण तो मुद्दा निराळा.) मग विचारलं, "आई, बारावा कुठाय?" बारावा नव्हताच. प्रश्नावली ११ वर संपत होती. तो आनंदाने उठून गेला. गंमत बाजूला ठेवली, तर नुकसान इथेच होतं. जे जात नाहीत ते का जात नाहीत, गर्दी नको म्हणून की पार्किंग नाही म्हणून, हे विचारण्याची ती एकुलती जागा होती.

तिसरा प्रश्न, "आठवड्यातून किती वेळा जाता?" १ ते २, २ ते ४, ४ ते ६.

"मी दोनदा जाते," सासूबाई म्हणाल्या. "दोन्हीकडे करू खूण?"

"आई, एकाच ठिकाणी करायची. पण... तुम्ही दोनदा जाता?"

"मंगळवारी आणि शनिवारी. भजन नऊला संपतं ना!"

बारा वर्षं मी समजत होते की भजनीमंडळ अकरापर्यंत चालतं. संशोधनातून नवं ज्ञान मिळतं म्हणतात ते असं. ह्यांची अडचण उलटी होती. ते महिन्यातून एकदा जातात आणि त्यांच्यासाठी पर्यायच नव्हता. त्यांनी समासात बारीक अक्षरात "कधीमधी" लिहिलं. भरून आलेल्या कागदावर समासात अशी अक्षरं दिसली की पर्याय चुकलेत असं खुशाल समजावं.

चौथा: "इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत देशात वर्षानुवर्षं पहिलं आलं, याचा तुम्हाला अभिमान वाटतो का?" आणि लगेच पाचवा: "सराफ्यातली स्वच्छता कशी वाटते?" पर्याय उत्तम, फार छान, छान, ठीक. वाईट म्हणायची सोयच नाही. सराफ्यातून आल्यावर दर वेळी उष्ट्या पत्रावळींवर प्रवचन देणारे आमचे हे "उत्तम" वर खूण करून मोकळे झाले. मी विचारलं तर म्हणाले, "आत्ताच अभिमान वाटतो म्हणून लिहिलं, आता लगेच घाण आहे म्हणू?" क्रम चुकला की हे असं होतं. माणूस पाचव्या प्रश्नाचं उत्तर देत नसतो, चौथ्याची अब्रू राखत असतो. पाचवा आधी विचारला असता आणि अभिमान शेवटी ठेवला असता, तर पत्रावळी कागदावर आल्या असत्या.

खरा घोळ नवव्यावर झाला. "रात्री अकरानंतर सराफा बंद करू नये, असे तुम्हाला वाटत नाही का?" हो किंवा नाही.

ह्यांनी लिहिलं "हो". सासूबाईंनी लिहिलं "नाही". आणि दोघांचंही मत एकच, की सराफा चालू राहावा! ह्यांचं म्हणणं, "हो, तसंच वाटतं." सासूबाईंचं म्हणणं, "नाही, बंद करू नये." दोन नकार एका वाक्यात आले की मराठी माणूस मुद्द्याला नाही, वाक्याच्या शेपटीला उत्तर देतो. अशी शंभर उत्तरं मोजून टक्केवारी काढली तरी ती कशाची, हे देवालाच ठाऊक.

सोमवारी त्या विद्यार्थ्याला बोलावलं. तो म्हणाला, "मॅडम, मग नकार काढून टाकतो. 'बंद करावा का' एवढंच विचारतो." मी त्याला डोनाल्ड रग यांचा १९४१ सालचा प्रयोग सांगितला. अमेरिकेत काही लोकांना विचारलं, लोकशाहीविरुद्धच्या भाषणांवर बंदी घालावी का? मत सांगणाऱ्यांपैकी ५४ टक्के हो म्हणाले. तशाच दुसऱ्या गटाला विचारलं, अशा भाषणांना परवानगी द्यावी का? ७५ टक्के नाही म्हणाले. परवानगी नाकारणं आणि बंदी घालणं एकच. पण "बंदी" म्हणताना जीभ अडखळते. म्हणून दोन्ही बाजू प्रश्नातच मांडायच्या: सराफा अकराला बंद व्हावा, की आत्तासारखा उशिरापर्यंत चालू राहावा? आणि खाली "कसंही चालेल" नि "सांगता येत नाही" यांनाही एकेक चौकट द्यायची.

त्याने मान डोलावली आणि हळूच विचारलं, "पण मॅडम, मी साठ जणांकडून भरून आणलंय. तपासायच्या आधीच. गणपतीत सगळे भेटले ना."

त्याच्या गठ्ठ्यात नवव्यावर एकतीस "हो" होते आणि एकोणतीस "नाही". त्याने निष्कर्षही लिहून ठेवला होता: "या प्रश्नावर समाजात तीव्र मतभेद आहेत."

संध्याकाळी गुण द्यायला बसले. भाषेला ४, बाकीचे प्रश्न साधे सरळ होते, उगाच अन्याय नको. क्रमाला ५. पर्यायांना ३. बेरीज १२. मग कॉलेजने दिलेला मूल्यांकनाचा तक्ता उघडला. प्रत्येक निकषापुढे श्रेणीवर खूण करायची होती: ० ते ३ कमकुवत, ३ ते ६ समाधानकारक, ६ ते ८ चांगले, ८ ते १० उत्कृष्ट.

पर्यायांचे ३ गुण घेऊन मी कितीतरी वेळ पेन हवेत धरून बसले. झोपाळ्याची कुरकुर थांबली.

"एकाच ठिकाणी करायची हं," सासूबाई म्हणाल्या.