जांभ्यावर नव्हे, खाडीच्या चिखलावर : एका प्रतिक्रियेला उत्तर

कोकणात घर बांधण्याआधी मातीत जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचं खनिज, आहे का ते तपासा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया :

«मागचा लेख वाचून घाबरण्यापलीकडे हाती काही लागलं नाही. जिप्सम राजस्थानात असतं. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, क्षार-बिर सगळे धुऊन जातात. आजोबांचं जांभ्याचं घर सत्तर वर्षं उभं आहे, तेव्हा माती कोणी तपासली होती? खाडीलगतच्या माझ्या प्लॉटवरच्या भरावाचा रिपोर्टही आलाय. पाण्यात उतरलेलं सल्फेट १.१ ग्रॅम प्रति लिटर, म्हणजे खालून दुसरा वर्ग. मग आणखी चाचण्यांचा खर्च कशाला?» (देवगडचे एक वाचक)

आजोबांच्या घराबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि माझं चुकलं. जांभा तयार होतो तोच पावसानं खडकातले विरघळणारे क्षार धुऊन नेल्यावर. सड्यावर जांभ्यात घर बांधणाऱ्यानं जिप्सम शोधत बसू नये. मागच्या लेखात मी सरसकट ‘कोकणात’ असं लिहिलं, तिथे ‘खाजणात आणि खारजमिनीत’ असं हवं होतं. दुरुस्त करतो.

तुमचा प्लॉट मात्र सड्यावर नाही. तिवरांखालच्या काळ्या चिखलात लोह आणि गंधकाचं पायराइट असतं. पाण्याखाली ते निमूट पडून राहतं. तोच चिखल उपसून भरावाला टाकला की त्याला हवा लागते आणि गंधकाम्ल तयार होतं. चिखलात शिंपल्यांचा चुरा असतोच. आम्ल त्यातल्या चुन्याला भेटलं की जिप्सम होतं. म्हणजे ते राजस्थानातून यावं लागत नाही, तुमच्या भरावातच जन्मतं. मिठागराच्या जुन्या जागेवरही ते सापडतं, कारण खारं पाणी आटताना मिठाच्या आधी जिप्सम खाली बसतं.

आता तुमचा १.१ चा आकडा. तो पाहून तुम्ही निश्चिंत झालात, मी दचकलो. एक लिटर शुद्ध पाण्यात जिप्सम जेमतेम २.४ ग्रॅम विरघळतं. रिपोर्टमध्ये सल्फेट ज्या रूपात (SO₃) मोजतात त्यात हे १.१ ते १.२ ग्रॅम भरतं. मातीत जिप्सम दोन टक्के असो की वीस टक्के, एका भाग मातीला दोन भाग पाणी घेतलं की आकडा तिथेच अडतो. वाटीभर गार पाण्यात चार वाट्या साखर टाका नाहीतर दहा, गोडी एका हद्दीपुढे जात नाही, उरलेली तळाशी बसते, तसंच. तुमचं पाणी काठोकाठ भरलंय एवढंच रिपोर्ट सांगतो. तळाशी किती उरलंय ते सांगत नाही. त्यासाठी आम्लात माती विरघळवून एकूण सल्फेट काढावं लागतं. IS 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात सल्फेटचे वर्ग ठरवणारा जो तक्ता आहे, त्यात दोन्ही रकाने शेजारी शेजारी आहेत, लोक एकच भरून आणतात. (हाच आकडा दीड-दोनच्या पुढे गेला असता, तर जिप्समखेरीज सोडियम किंवा मॅग्नेशियमचं सल्फेटही आहे असं धरलं असतं. काँक्रीटला ते जास्त जाचक.)

मामेभावाचं उदाहरण सांगतो. धरमतर खाडीच्या काठी जुन्या खारजमिनीत त्यानं घर बांधलं. भराव शेजारच्या कोळंबीच्या तळ्यातून उपसलेल्या चिखलाचा. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ओटीची फरशी मधोमध दोन बोटं वर आली आणि कोपऱ्यात, पन्हळीचं पाणी पडतं तिथे, जोतं खचलं. गवंडी म्हणाला, कुटाई कमी पडली. पण कुटाई कमी पडली तर जमीन बसते, फुगत नाही.

कोपऱ्यात फूटभर खणलं तर गहूभर आकाराचे चमकणारे खडे निघाले. नखानं ओरखडा उठत होता आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं तर फेस येत नव्हता. त्यातलाच शिंपल्याचा तुकडा मात्र नखाला दाद देत नव्हता आणि आम्लात फसफसत होता. तिथेच बरंचसं कळलं होतं.

तरी माती आणली. थोडी ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून रात्रभर ठेवली आणि वीजवाहकता मोजली. एकास पाच पाणी, तेव्हा ४.१ आली (मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटर). एकास वीस केलं तर २.६. नुसतं मीठ असतं तर चौपट पाण्यात आकडा एकच्या आसपास उतरला असता. तो दोनच्या वर अडून राहिला, कारण पाणी वाढेल तसं तळातलं जिप्सम आणखी विरघळत होतं.

मग ओव्हन. इथे भल्याभल्या लॅब फसतात. ओलावा काढायला माती नेहमीप्रमाणे १०५-११० अंशांवर सुकवली तर जिप्सम आपल्या स्फटिकातलं पाणीही सोडतं आणि ते ओलाव्यात मोजलं जातं. म्हणून अशी माती आधी साठ अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत सुकवायची. तशी सुकवलेली १०० ग्रॅम माती ११० अंशांवर ठेवली, तर ९८.२ भरली. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी असतं, म्हणजे १.८ ग्रॅमची घट साधारण साडेआठ टक्के जिप्सम दाखवते. हा अंदाजच, कारण सेंद्रिय अंश आणि चिकणमातीही थोडं वजन सोडतात, आणि जिप्सम आपलं सगळं पाणी सोडेलच असं नाही. एकूण सल्फेट चार टक्क्यांच्या आसपास आल्यावर मी तो मान्य केला. तक्त्यातला सर्वांत कडक वर्ग दोन टक्क्यांच्या वर सुरू होतो.

खचण्याचा हिशेब सोपा आहे. चाळीस चौरस मीटर छपराचं पाणी त्या एका पन्हळीतून येतं, तीन मीटर पावसात एक लाख वीस हजार लिटर. त्यातलं दहावा हिस्सा मुरलं आणि पुरतं भरून गेलं, तर वर्षाला २९ किलो जिप्सम घेऊन जाईल. बादलीभर पोकळी, दर वर्षी, एकाच कोपऱ्याखाली. पाऊस क्षार धुऊन नेतो हे तुमचं म्हणणं खरंच आहे. घर वर असताना नेतो, एवढीच अडचण.

फुगण्याचं कारण वेगळं. ओटीखालचा चिखल घट्ट व्हावा म्हणून भावानं त्यात चुना मिसळला होता. चुना, मातीतलं अॅल्युमिनियम आणि सल्फेट ओलीत एकत्र आले की एट्रिंगाइट नावाचं सुईसारखं खनिज वाढतं, ते भरपूर पाणी स्वतःत घेतं आणि फरशी उचलतं. जिप्सम स्वतः भिजून फुगत नाही. चुना नसता तर ओटी सपाट राहिली असती, असं माझं मत. भाऊ अजून मानत नाही.

ओटीखालचा भराव काढून स्वच्छ मुरूम टाकला आणि पन्हळीचं पाणी पाइपनं गटारात सोडलं. दुकानदार सल्फेटरोधक सिमेंट देत होता, ते घेतलं नाही. खाडीच्या जमिनीत सल्फेटबरोबर क्लोराइडही असतं आणि तिथे IS 456 त्याऐवजी स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी, जास्त असलेलं सिमेंट सुचवतं.

तेव्हा तुम्ही एवढंच करा. लॅबला फोन करून विचारा, ओलावा किती अंशांवर काढला आणि एकूण सल्फेट केलं का. नसेल, तर मे महिन्यात, पावसाआधी, तीन ठिकाणची माती काढा : वरचा फूटभर थर, मीटरभर खोल आणि पायाच्या तळाशी. पिशव्या वेगवेगळ्या ठेवा, एकत्र कालवू नका. भरावात चुना घालायचं ठरलं असेल, तर रिपोर्ट येईपर्यंत गोणी फोडू नका.