पाण्याची घनता मोजणं ही टन चोरायची पळवाट नाही

"दादा, बार्जवाल्यांच्या ग्रुपवर फिरतंय की ड्राफ्ट सर्व्हे म्हणजे नुसता नजरेचा अंदाज. लाटांत आकडे वाचताच येत नाहीत. समुद्राचं पाणी सगळीकडे सारखंच, तरी सर्व्हेअर घनता मोजायचं नाटक करतो आणि शेकडो टन माल कागदावरून उडवतो. खरं का हे?"

ड्राफ्ट म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बसलंय ते, आणि ते वाचून मालाचं वजन काढणं म्हणजे ड्राफ्ट सर्व्हे. घनतेचंच आधी बघू, कारण यावर विश्वास ठेवून उद्या तुम्ही लोक बरोबर रिपोर्टवर भांडत बसाल. ड्राफ्टवरून वजन सांगणारे जहाजाचे तक्ते साधारणपणे 1.025 घनतेच्या पाण्यासाठी केलेले असतात. मुरगावला पावसाळ्यानंतर मांडवी-झुआरीचं गोडं पाणी समुद्रात मिसळतं आणि पाणी हलकं होतं. हलक्या पाण्यात तेच वजन घेऊन जहाज जास्त खोल बसतं.

समज, भरलेल्या जहाजाचं एकूण वजन तक्त्यात 60,000 टन दिसलं आणि पाण्याची घनता निघाली 1.015. मग खरं वजन 60,000 × 1.015 ÷ 1.025, म्हणजे सुमारे 59,415 टन. माल भरण्याआधी, तोलासाठी टाक्यांत घेतलेलं पाणी म्हणजे बॅलास्ट असताना, 22,000 दिसले असतील तर तेही 215 टनांनी कमी होतात. वजाबाकीनंतर फरक राहतो 370 टनांचा. हे टन जहाजात कधी चढलेच नव्हते, तर उडवणार कुठून? भरती-ओहोटीने घनता बदलते, म्हणून नमुना दोन्ही सर्व्हेंच्या वेळी घ्यावा लागतो. तोही वरवर बादली बुडवून चालत नाही. गोडं पाणी वर तरंगतं, त्यामुळे ड्राफ्टच्या निम्म्या खोलीवरचं पाणी घ्यायचं, आणि जहाजाच्या नळांतून पाणी पडतं त्या जागेपासून लांब.

नजरेचं म्हणशील तर पुढे, मध्ये, मागे, दोन्ही बाजूंनी मिळून सहा ठिकाणी आकडे वाचतात. ओझ्याने जहाज मधे वाकतं, म्हणून सरासरीत मधल्या आकड्याला सहापट वजन असतं. कोळशाच्या सर्व्हेसाठी संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाने 1992 मध्ये यावर अख्खी संहिता काढली आहे. अंदाजपंचे कामाला संहिता लागत नाही.

लाटांबद्दल मात्र थोडं तथ्य आहे, हे मानावं लागेल. अशा जहाजाला ड्राफ्टचा एक सेंटिमीटर म्हणजे जवळपास 57 टन. पाणी वरखाली होत असताना बऱ्याच लाटांची उंच-खोल टोकं बघून मधला आकडा धरतात, तरी चूक राहतेच. चांगल्या सर्व्हेतही अर्धा टक्का इकडेतिकडे धरतात, म्हणजे 50,000 टनांवर 250.

संशयच असेल तर बॅलास्टच्या टाक्यांकडे बघ. सुरुवातीला एखाद्या टाकीत नसलेलं 200 टन पाणी "आहे" म्हणून लिहिलं आणि शेवटी ती रिकामी दाखवली, की कागदावर माल तेवढाच वाढतो. त्यासाठी दोन्ही वेळचं साउंडिंग, म्हणजे टेपने मोजलेली पाण्याची खोली, टाकीनिहाय मागून घे, आणि मोजताना आपला माणूस टेपजवळ उभा कर.