'प्रोटोकॉलनुसार लायगेशन करण्यात आले' म्हणजे नेमकं काय केलंत?

क्लोनिंगच्या प्रॅक्टिकलचे रिपोर्ट तपासायला घेतले की पहिल्या चार-पाच वह्यांतच डोकं फिरतं. कॉलनी आल्या नाहीत म्हणून नाही. क्लोनिंग भल्याभल्यांना दगा देतं, त्याचे मार्क मी कधीच कापत नाही. डोकं फिरतं ते 'पद्धती' या विभागामुळे. "व्हेक्टर आणि इन्सर्ट यांचे लायगेशन प्रोटोकॉलनुसार करण्यात आले. त्यानंतर ट्रान्सफॉर्मेशन करून प्लेट्स रात्रभर इन्क्युबेट करण्यात आल्या." संपलं! एवढं सगळं काम दोन वाक्यांत गुंडाळलं. पुढची वही उघडावी तर तिथे हँडआउट जसंच्या तसं उतरवलेलं. "ट्यूब बर्फावर ठेवा. बफर घाला. हलक्या हाताने मिसळा." अरे, हे कोणाला सांगताय? रिपोर्ट तुमचा आहे ना? मग तुम्ही काय केलंत ते सांगा.

पण या दोघांपेक्षा जास्त संताप येतो तो तिसऱ्या प्रकाराचा. हँडआउटचीच वाक्यं घ्यायची आणि फक्त क्रियापदाचं शेपूट बदलायचं. 'घाला'चं 'घातले', 'ठेवा'चं 'ठेवले'. दिसायला एकदम व्यवस्थित आणि बऱ्याच ठिकाणी यालाच पैकीच्या पैकी मार्क मिळतात. हँडआउटमध्ये लिहिलं होतं, लायगेशन १६ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवा. प्रत्यक्षात तासाची वेळ संपत आली होती, म्हणून सगळ्यांच्या ट्यूब टेबलावर, खोलीच्या तापमानाला तासभर ठेवल्या. मी तिथेच उभा होतो. आणि वह्यांत काय? "१६ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवले." एकामागून एक वही, सगळीकडे तेच. हे घडलंच नाही! तुम्ही 'ठेवले' असं लिहिता तेव्हा 'हे मी केलं' असं सांगत असता. न केलेलं काम भूतकाळात लिहिलं तर ती सरळ सरळ थाप आहे.

आणि थाप मारायची गरज तरी होती का? ईको आर वन आणि हिंड थ्री या दोन एन्झाइमनी कापलेली टोकं चिकट असतात. त्यांचं लायगेशन खोलीच्या तापमानाला तासाभरात नीट होतं. बोथट टोकं असती तर एवढा वेळ कदाचित पुरला नसता. म्हणजे केलेला बदल चुकीचा नव्हता, लपवण्यासारखं काहीच नव्हतं. एका ओळीत लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला खरी परिस्थिती कळली असती. आता कॉलनी कमी का आल्या हे शोधायला बसलेला माणूस 'रात्रभर ठेवलंय, म्हणजे वेळ तर भरपूर मिळाला' असं समजून भलतीकडेच शोधत बसणार.

आता या लायगेशनच्या एका पायरीत काय काय लिहायला हवं होतं ते बघा. व्हेक्टर पीयूसी १९, म्हणजे २६८६ बेसपेअर. इन्सर्ट साधारण ९०० बेसपेअरचा. वह्यांत लिहिलंय, "२ मायक्रोलिटर व्हेक्टर आणि ३ मायक्रोलिटर इन्सर्ट घेतला." या आकड्यांचं मी काय करू? तुमच्या ट्यूबमध्ये मायक्रोलिटरला २५ नॅनोग्रॅम होते की ५, हे मला कसं कळणार? जेलमधून काढून शुद्ध केलेल्या डीएनएची तीव्रता प्रत्येक गटाची वेगळी येते. माझ्या ट्यूबमधले ३ मायक्रोलिटर आणि तुमच्या ट्यूबमधले ३ मायक्रोलिटर यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. वस्तुमान लिहा. ५० नॅनोग्रॅम व्हेक्टर घेतला आणि इन्सर्टचे रेणू व्हेक्टरच्या तिप्पट हवे होते, तर हिशेब असा: ५० × (९०० ÷ २६८६) × ३, म्हणजे जवळपास ५० नॅनोग्रॅम. हा हिशेब तुम्ही वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने केलाय, मला दिसतोय तो! मग रिपोर्टात का नाही आला? तिथे नुसतं "३:१ प्रमाणात" एवढंच. हे ३:१ रेणूंचं की वजनाचं? वजनाचं असेल तर ५० नॅनोग्रॅमला १५० नॅनोग्रॅम इन्सर्ट होतो, आणि तो प्रयोगच वेगळा.

मग लायगेज. "१ मायक्रोलिटर लायगेज घातले." टी४ डीएनए लायगेज मायक्रोलिटरला ४०० युनिटचंही मिळतं आणि २००० युनिटचंही. वर युनिट मोजायच्या पद्धतीही दोन. एक वाइस युनिट म्हणजे चिकट टोकांवर मोजलेली साधारण ६७ युनिटं. म्हणून युनिट किती आणि कोणत्या पद्धतीची, हे दोन्ही लागतं. कुपीवर छापलेलं असतं सगळं. कुपी समोर बर्फात असते. वाचून उतरवायला दहा सेकंदं लागतात, पण ती दहा सेकंदं कोणी देत नाही, कारण हँडआउटमध्ये '१ मायक्रोलिटर' असं आयतं मिळतं.

मला हवा होता तो परिच्छेद इतकाच आहे: "ईको आर वन व हिंड थ्री यांनी कापलेला पीयूसी १९ व्हेक्टर (५० नॅनोग्रॅम) आणि त्याच एन्झाइमनी कापलेला ९०० बेसपेअरचा इन्सर्ट (५० नॅनोग्रॅम, रेणूंचे प्रमाण १:३) २० मायक्रोलिटरमध्ये एकत्र केले. त्यात १० पट तीव्रतेचा लायगेज बफर २ मायक्रोलिटर आणि टी४ डीएनए लायगेज ४०० युनिट (चिकट टोकांवर मोजलेली) होते. मिश्रण खोलीच्या तापमानाला, २५ अंश सेल्सिअसला, १ तास ठेवले. ६५ अंशांना १० मिनिटे ठेवून एन्झाइम निष्क्रिय केले." बास. चार वाक्यं. या चार वाक्यांवरून कोणीही अनोळखी माणूस उद्या सकाळी तेच लायगेशन लावू शकतो. तुमच्या दोन पानी उताऱ्यावरून मी, समोर उभा असूनही, लावू शकत नाही.

ट्रान्सफॉर्मेशनचीही तीच रड. "१०० मायक्रोलिटर प्लेटवर पसरवले." कशातले १००? कॉम्पिटंट सेल्स ५०, लायगेशनचं मिश्रण ५ आणि एसओसी माध्यम ९४५ मायक्रोलिटर, म्हणजे एकूण १ मिलिलिटर. त्यातले १०० पसरवले तर दहावा हिस्सा प्लेटवर गेला. प्लेटवर २० कॉलनी मोजल्या तर पूर्ण ट्यूबमध्ये अंदाजे २०० होत्या. पण काही गटांनी सेल्स सेंट्रिफ्यूज करून खाली बसवल्या, वरचं माध्यम ओतून टाकलं आणि उरलेलं सगळंच्या सगळं पसरवलं. त्यांच्या २० म्हणजे २०च. दोघांच्या वहीत वाक्य मात्र तेच! निकालात दहापटीचा फरक आणि पद्धतीत त्याचा मागमूस नाही. मग चर्चेत लिहायचं, "आमच्या गटाची कार्यक्षमता इतरांइतकीच होती." कशाच्या जोरावर?

'रात्रभर' या शब्दावर तर बंदीच घालायला हवी. ॲम्पिसिलिनची प्लेट १६ तासांनी काढली तर एक चित्र दिसतं आणि सुट्टी आली म्हणून दीड दिवस इन्क्युबेटरमध्ये राहिली तर दुसरंच दिसतं. प्लाझमिड असलेल्या कॉलनीतून बीटा-लॅक्टमेज बाहेर पडतं, आजूबाजूचं ॲम्पिसिलिन संपवतं, आणि मोठ्या कॉलनीभोवती बारीक बारीक कॉलनींचं कडं तयार होतं. त्यांच्यात प्लाझमिड नसतं. तास लिहिले नसतील तर त्या कॉलनी मोजल्या गेल्यात की नाही, याचा अंदाजसुद्धा बांधता येत नाही.

आणि कंट्रोल! निकालात तक्ता काढतात, "कंट्रोल प्लेट: ११ कॉलनी." पद्धतीत मात्र कंट्रोल नावाची गोष्टच नाही. कोणता कंट्रोल? कापलेला व्हेक्टर लायगेजशिवाय लावला होता, तर त्या ११ म्हणजे मुख्यतः न कापला गेलेला पीयूसी १९. म्हणजे डायजेशन अर्धवट राहिलं. व्हेक्टर लायगेजसह पण इन्सर्टशिवाय लावला होता, तर त्यात एकाच एन्झाइमने कापलेले आणि परत स्वतःशीच जुळलेले व्हेक्टरही आले. पहिल्यात डायजेशनचा वेळ वाढवायचा, दुसऱ्यात दुसरं एन्झाइम चाललं का ते तपासायचं. एका न लिहिलेल्या वाक्यामुळे पुढच्या बॅचने काय सुधारायचं हेच कळत नाही. मग ती बॅच तीच कापाकापी, तेच जेल, त्याच चुका नव्याने करते. महागडी एन्झाइम वाया जातात आणि पोरांचे दिवस जातात ते वेगळेच.

तपशील लिहा म्हटलं की काहीजण दुसऱ्या टोकाला जातात, त्याचाही वैताग येतो. "हातमोजे घातले. पिपेटला नवी टिप लावली. ट्यूबचं झाकण बंद केलं." कशासाठी? जी गोष्ट बदलली तर निकाल बदलेल ती लिहा. ट्यूबचा रंग बदलून काही होत नाही. हीट शॉकचं तापमान बदलून होतं. किट वापरलं असेल तर त्याच्या पुस्तिकेतली प्रत्येक पायरी नको. किटचं नाव द्या आणि तुम्ही काय वेगळं केलंत ते द्या. पुस्तिकेत ५० मायक्रोलिटरमध्ये डीएनए उतरवा म्हटलं असेल आणि तुम्ही ३० मध्ये उतरवला असेल, तर ती ओळ पाहिजे.

पोरांवर चिडतो खरा, पण खरा राग आहे तो त्यांना असं लिहायला शिकवणाऱ्यांवर. "मॅन्युअलमधून उतरवा, काळ बदला, झालं" हे वाक्य मी शिक्षकांच्याच तोंडून ऐकलंय. पानं मोजून मार्क देणारेही तेच. मागच्या वेळी एका मुलीने लिहिलं होतं, "वॉटर बाथ ४२ अंशांवर लावला होता, परंतु थर्मामीटरवर ४० अंश दिसत होते. हीट शॉक ४५ सेकंद दिला." अख्ख्या वर्गात हे एकच वाक्य असं होतं की ज्यावरून कमी कॉलनींचं संभाव्य कारण हाती लागत होतं. आणि समासात आधीच्या तपासणाऱ्याने लाल पेनाने लिहून ठेवलं होतं: "प्रोटोकॉल पाळला नाही", मार्क वजा! पाळला नाही हे तिने स्वतःच सांगितलंय, आकड्यासकट! बाकीच्यांनी तोच वॉटर बाथ वापरला, वहीत बिनधास्त '४२ अंश' लिहिलं आणि पूर्ण मार्क घेऊन गेले. तिचे मार्क मी परत दिले. पण पुढच्या प्रॅक्टिकलच्या वहीत तिनेही '३७ अंश, १ तास' असं हँडआउटमधलंच लिहिलंय, आणि त्या दिवशी इन्क्युबेटर ३४ वर होता.