स्टायपेंडचा आकडा लिहा, तारीख लिहा, मग खुशाल "वुई आर हायरिंग" म्हणा

लिंक्डइनवरच्या इंटर्नशिपच्या पोस्टी कधी नीट वाचल्यात का? वर रॉकेट, खाली रॉकेट, मधे "डायनॅमिक टीम", "सेल्फ स्टार्टर हवा", "शिकण्याची भूक हवी", आणि एवढं सगळं वाचूनही काम काय, पैसे किती आणि अर्ज कधीपर्यंत, यातलं एक अक्षर कळत नाही. स्टायपेंडच्या पुढे लिहिलेलं असतं "इंडस्ट्री स्टँडर्डप्रमाणे". अरे पण इंटर्नशिपला कसलं आलंय स्टँडर्ड? अप्रेंटिस म्हणून घेतलं तर 1961 चा कायदा आहे, किमान किती द्यायचे ते ठरलेलं आहे, पण साध्या इंटर्नशिपला तसं काही लागू नाही, म्हणून तर एकीकडे शून्य आणि दुसरीकडे तीस हजार असा प्रकार चालतो.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे माझा मावसभाऊ. त्याचं पुण्यात छोटं स्टार्टअप आहे, गावोगावच्या दूध संकलन केंद्रांना सॉफ्टवेअर देतात. सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचं, त्याचं फॅट आणि एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ लावायचे आणि दर दहा दिवसांनी शेतकऱ्याचं बिल काढायचं, ते काम. त्याला एक इंटर्न हवा होता. मला कॅप्शन पाठवलं आणि म्हणाला, "ताई, जरा बघ ना, इंग्लिश बरोबर आहे का." इंग्लिश एकदम बरोबर होतं हो. पण स्किल्समधे एक्सेल, एसक्यूएल, पायथन, पॉवर बीआय, मशीन लर्निंग, कम्युनिकेशन, लीडरशिप, सगळं कोंबलेलं. मी विचारलं, पोरगा सकाळी आल्यावर पहिलं काय करणार? तर म्हणे, केंद्रांवरून आलेल्या एंट्र्या तपासणार, चूक दिसली की केंद्राच्या सेक्रेटरीला फोन करणार. मग यात मशीन लर्निंग कुठून आलं रे बाबा?

आपण हे नेहमी करतो, काम छोटं आणि यादी मोठी. त्याने काय होतं, की ज्याला खरंच एक्सेल चांगलं येतं तो प्रामाणिक पोरगा यादी बघून "आपल्याला नाही जमणार" म्हणून पुढे जातो, आणि ज्याने सगळ्याचे दोन-दोन दिवसांचे कोर्स करून सर्टिफिकेटं जमवलीत तो बिनधास्त अर्ज टाकतो. म्हणजे चाळणी उलटी लागते. म्हणून स्किलचं नुसतं नाव लिहू नका, त्या स्किलने करायचं काय ते लिहा. "एक्सेल" म्हणजे बेरीज करणारा पण एक्सेलवाला आणि पिव्होट करणारा पण. एसक्यूएलचं पण तेच, आमच्या कामाला `SELECT`, `WHERE`, `GROUP BY` आणि एखादा साधा `JOIN` आला की पुरे होता, तर तेवढंच सांगायचं. आणि जे आम्ही शिकवू ते वेगळं सांगायचं.

दुसरी गोष्ट, लिंक्डइनवर पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं "आणखी बघा"च्या आत जातं. त्या ओळी "आम्हाला कळवण्यास अत्यंत आनंद होतो की" मधे घालवल्या तर संपलंच. काम, गाव, पैसे, तारीख हे वर पाहिजे. बराच वेळ भांडून शेवटी जे ठरलं ते असं (केंद्रांशी बोलायचंच मराठीत, मग कॅप्शन पण मराठीतच टाकलं):

"डेटा इंटर्न हवा/हवी. पुणे, ऑफिसमधून. महिना ₹12,000, प्रवासखर्च वेगळा. अर्ज बुधवार 18 मार्च 2026, संध्याकाळी 6 पर्यंत.

काम: दूध केंद्रांच्या रोजच्या एंट्र्या तपासणं, चुका शोधणं, केंद्रावर फोन करून खात्री करणं. आठवड्यातून एकदा पहाटे केंद्रावर जावं लागेल.
यायलाच हवं: एक्सेलमधे फिल्टर, पिव्होट आणि व्हीलूकअप. साधं एसक्यूएल. फोनवर न बुजता मराठी.
आम्ही शिकवू: फॅट, एसएनएफ, दरपत्रक, आमचं सॉफ्टवेअर.
कालावधी: 1 जून ते 31 ऑगस्ट 2026. स्टायपेंड पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत खात्यात. कुठल्याही शाखेचे चालतील. नंतर नोकरीची हमी नाही. अर्जाला फी नाही.
अर्ज: खालचा फॉर्म आणि त्यातली छोटी शीट."

आकड्यावरून बरीच वादावादी झाली. त्याचं म्हणणं, आकडा टाकला की लोक पैशासाठी येतात. मग कशासाठी यावं? पुण्यात बाहेरून आलेल्या पोराला रूम, मेस आणि बस यातच महिना संपतो. आणि तुलना करायला आता पोरांकडे सरकारी आकडे आहेत. 2024 मधे आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना ₹10,000 ठरले, केंद्राची पीएम इंटर्नशिप योजना त्याच वर्षी ₹5,000 वर सुरू झाली. मग "अनुभव मिळेल" म्हणून कोण फसणार? आणि देता येत नसतील तर सरळ "स्टायपेंड नाही" लिहा की, निदान ज्याला परवडत नाही त्याचा तिसऱ्या राउंडपर्यंत वेळ जाणार नाही. "अप टू 15,000" हा तर शुद्ध चावटपणा आहे, अप टू मधे शून्य पण बसतो.

शीटचं सांगते. दूध केंद्राच्या दहा-बारा ओळी, त्यात मुद्दाम घातलेल्या चुका. एका ओळीत गायीच्या दुधाला फॅट 35. हे कुणालाही दिसतं, 3.5 मधला टिंब राहिला. पण दुसऱ्या ओळीत गाय, फॅट 6.8. इथे खरा माणूस कळतो. एवढं फॅट म्हशीच्या दुधाला सहज लागतं, म्हणजे दुधाचा प्रकार चुकला असेल, किंवा आकडाच चुकला असेल, शीटवरून ठरवता येत नाही, फोनच करावा लागेल. ज्याने परस्पर आकडा बदलून टाकला तो नको, ज्याने "केंद्राला विचारावं लागेल" असं लिहिलं तो हवा, कारण त्या आकड्यावर कुणाचं तरी दहा दिवसांचं बिल निघतं. ज्याला दूध-फॅट माहीतच नाही त्याच्यासाठी शीटच्या वर दोन ओळींची माहिती दिलेली. वीस मिनिटांचं काम, त्यापेक्षा मोठं असाइनमेंट फुकटात करून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, काही लोक तर अर्जदारांकडून अख्खं मार्केटिंग प्लॅनिंग काढून घेतात.

आणि तारखेचं. "लवकर अर्ज करा" म्हणजे कधी? लिंक्डइन पोस्टवर तारीख दाखवत नाही, "दोन आठवड्यांपूर्वी" एवढंच दाखवतं, मग त्याचा स्क्रीनशॉट कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो आणि महिनोन् महिने फिरतो. म्हणून वार, तारीख, वर्ष, वेळ सगळं पाहिजे. आणि रविवारी रात्री 11:59 कशाला? लिंक उघडली नाही तर त्या वेळी फोन उचलणार कोण? कामाच्या दिवशी संध्याकाळी सहा ठेवा. तारीख नुसती पोस्टरवर पण नको, कॅप्शन नंतर एडिट करता येतं, पोस्टर नाही. "इंटरेस्टेड कमेंट करा" हे तर पूर्णपणे रीच वाढवायचं नाटक, त्या कमेंटी नंतर उघडून बघतं का कुणी?

मावसभावाला सांगून ठेवलंय, 18 ला सहा वाजले की फॉर्म बंद करायचा, कॅप्शनच्या पहिल्याच ओळीत "अर्ज बंद" टाकायचं आणि ज्यांना घेतलं नाही त्यांना 25 च्या आत दोन ओळींचा मेल. "सगळ्यांना कशाला?" म्हणत होता, पण मेल मर्ज मीच लावून देणार आहे, त्यामुळे तेही कारण उरलेलं नाही.