सेक्रेटरींना पाठवलेलं पत्र, आणि डबल डॉटची कैफियत

आमच्या क्लबच्या सेक्रेटरींना काल एक पत्र दिलं. ते वाचून दोन मित्र म्हणाले, "हे इथेही टाक, म्हणजे वाद नीट होईल." म्हणून टाकतोय. पत्र लांबलं आहे. मुद्दा एका ओळीतही सांगता आला असता, पण एका ओळीचा अर्ज फाइलला लागतो आणि तिथेच राहतो, हा अनुभव आहे.

माननीय सचिव,
सप्रेम नमस्कार.

मंगळवार आणि गुरुवारी संध्याकाळी ७ ते ८.३० या वेळात तीनपैकी एक स्क्वॉश कोर्ट फक्त नवशिक्यांच्या कोचिंगसाठी द्यावं, अशी विनंती करायला हे पत्र लिहीत आहे. सुरुवातीला आठ आठवडे. "फक्त" या शब्दावरच माझा सगळा भर आहे, कारण मागच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा "सध्याच्या संध्याकाळच्या बॅचमध्येच नवीन लोकांना सामावून घेऊ" असं ठरता ठरता राहिलं. ते का जमणार नाही, हे आधी सांगतो.

मी स्वतः त्याच बॅचमध्ये शिकलो. म्हणजे शिकायचा प्रयत्न केला. पहिल्या दिवशी माझी जोडी एका जुन्या खेळाडूशी लावली. माणूस सज्जन, मला सांभाळून घेणारा. त्यांनी खिशातून चेंडू काढला, त्यावर दोन पिवळे ठिपके होते. ते आणि दुसरे एक खेळाडू पाच मिनिटं मारत होते तोवर चेंडू छान उडत होता. मग मी आत गेलो. माझा फटका हळू, त्यातले निम्मे पुढच्या भिंतीच्या तळाशी असलेल्या टिनच्या पट्टीवर. दोन-तीन मिनिटांत चेंडू मेल्यासारखा झाला. मागच्या भिंतीपाशी गेला की उठायचाच नाही. मी वाकून खरवडायचो, तो पुन्हा टिनवर जायचा. समोरचे गृहस्थ चेंडू उचलायचे, स्वतः आठ-दहा जोरदार फटके मारून तापवायचे आणि पुन्हा मला द्यायचे. त्या तासात आमची सगळ्यात लांब रॅली चार फटक्यांची झाली. घरी जाताना वाटलं, आपले हातच या खेळाचे नाहीत.

दोष हातांचा होता तितकाच चेंडूचाही होता, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

स्क्वॉशचा चेंडू म्हणजे रबराचा पोकळ गोळा, साधारण ४० मिलिमीटर व्यासाचा. फटके बसले की रबर दबतं, तापतं, आतली हवाही तापते, आणि तेव्हा कुठे तो उडायला लागतो. दोन पिवळ्या ठिपक्यांचा तो डबल डॉट हा नेहमीच्या चेंडूंपैकी सगळ्यात कमी उडणारा. थंड असताना खांद्याच्या उंचीवरून सोडा, घोट्याच्या थोडा वर येऊन थांबेल. चांगला तापल्यावर तोच जवळपास गुडघ्यापर्यंत येतो. हा प्रयोग तुम्ही ऑफिसमध्ये बसूनही करू शकता. आता हा चेंडू तापलेला ठेवायचा तर फटका जोरात लागतो आणि एकामागून एक लागतो. नवशिक्याकडे नेमक्या याच दोन गोष्टी नसतात. फटका हळू म्हणून चेंडू थंड, चेंडू थंड म्हणून तो उठत नाही, उठत नाही म्हणून फटका चुकतो, आणि चुकला की चेंडू आणखी थंड. या फेऱ्यात सापडलेल्या माणसाला कोच कितीही ओरडून सांगो "रॅकेट वर ठेव, वर ठेव", घोट्याशी आलेला चेंडू रॅकेट वर ठेवून कसा मारायचा? तो वाकतो, मनगटाने खरवडतो आणि तीच सवय हाताला लागते. माझ्या बॅकहँडमधलं ते खरवडणं अजून गेलेलं नाही, तुम्ही पाहिलंच असेल.

बॅडमिंटनचं उदाहरण बैठकीत दिलं गेलं होतं, की तिथे नवीन-जुने एकत्र खेळतात. खरं आहे. पण शटलला कोण मारतंय याने त्याचा स्वभाव बदलत नाही. स्क्वॉशच्या चेंडूचा बदलतो.

यावरचा उपाय खेळातच आहे. नवशिक्यांसाठी निळ्या ठिपक्याचा चेंडू मिळतो, तो थंड असतानाही उडतो. काही कंपन्यांचा हा चेंडू नेहमीच्यापेक्षा सुमारे १२ टक्के मोठाही असतो. त्यानंतर लाल ठिपका, मग एक पिवळा, आणि शेवटी डबल डॉट. माझ्या एका मैत्रिणीने संध्याकाळच्या बॅचला तीन वेळा येऊन नाद सोडला होता. रविवारी दुपारी कोर्ट रिकामं असताना मी तिला निळा चेंडू देऊन अर्धा तास उभं केलं. बाकी काहीच बदललं नाही, रॅकेट तीच, मी तोच, आणि माझं शिकवणं यथातथाच. विसाव्या मिनिटाला आमची चौदा फटक्यांची रॅली झाली. चेंडू मागच्या भिंतीवर आपटून कमरेपर्यंत येत होता. त्यामुळे तिला थांबायला, वळायला, रॅकेट मागे न्यायला वेळ मिळत होता.

मग मिश्र बॅचमध्येच निळा चेंडू का वापरू नये? वापरून पाहिला आहे. जाणत्या खेळाडूने जरा जोर लावला की तो चेंडू ससा होतो. रॅली संपतच नाही, त्यांना त्यात काही व्यायाम होत नाही, आणि दहा मिनिटांत कुणीतरी "चला आता खऱ्या चेंडूने" म्हणतं. त्यांचंही बरोबर आहे, त्यांची संध्याकाळ का वाया जावी? दोन्ही बाजू बरोबर असताना एकाच कोर्टवर त्यांना कोंबणं एवढंच चूक आहे.

दुसरं कारण इजेचं. कोर्ट ६.४ मीटर रुंद, ९.७५ मीटर लांब. त्यात दोन माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात जवळजवळ ६९ सेंटिमीटरची रॅकेट. समोरचा फटक्याच्या टप्प्यात असेल तर मारायचं नाही, थांबायचं आणि लेट मागायचा, म्हणजे तो गुण पुन्हा खेळायचा, हे पहिल्या दिवशी शिकवायला हवं. शिकवतातही. पण वीस वर्षं खेळणाऱ्या माणसासमोर नवीन माणूस थांबत नाही, त्याला लाज वाटते. आधीच मी यांचा वेळ खातोय, त्यात रॅली काय थांबवू, असं त्याच्या मनात असतं. मग तो डोळे मिटल्यासारखा फटका मारतो. शिवाय कुठे उभं राहायचं हे त्याला कळत नसतं. स्वतःचा फटका मारून तो तिथेच पाहत राहतो, नेमका समोरच्याच्या स्विंगमध्ये. दोघंही नवशिके असले की दोघंही बिनधास्त थांबतात, आणि थांबण्याची सवय अशीच लागते. डोळ्यांचं तर वेगळंच आहे. हा चेंडू डोळ्याच्या खोबणीत बसेल एवढाच असतो, म्हणून या सत्रात पॉलिकार्बोनेटच्या काचेचा संरक्षक चष्मा सगळ्यांना सक्तीचा असावा. नंबरचा साधा चष्मा चालणार नाही. तो फुटला तर उलट जास्त इजा करतो.

आता तुमची खरी अडचण. संध्याकाळी ७ ते ८.३० ही सगळ्यात गर्दीची वेळ, आणि मी तीच मागतोय. आपला स्लॉट ४५ मिनिटांचा आहे. म्हणजे दीड तासात एका कोर्टवर एरवी चार जण खेळतात. माझ्या मांडणीत सहा जण असतील. चार आत, दोन जोड्यांत, एक जोडी उजव्या भिंतीला धरून आणि एक डाव्या. पुढचा हलका चेंडू टाकतो, मागचा सरळ ड्राइव्ह मारतो, काही मिनिटांनी जागा बदलायच्या. कोच मध्ये, कोर्टवरच्या रेषा मिळतात त्या 'टी'वर. उरलेले दोघं बाहेर, पण बसून नाहीत. शेवटच्या अर्ध्या तासात आत दोघांचा ११ गुणांचा गेम लागला की बाहेरच्यांनी गुण मोजायचे आणि लेट झाला का ते सांगायचं. नियम पुस्तकातून कुणाला येत नाहीत. मार्किंग करताना दोन वेळा चुकलं आणि आतल्यांनी भांडण काढलं की येतात. सहापेक्षा जास्त नावं आली तर यादी लावावी, कोर्टवर माणसं वाढवू नयेत. एका बाजूला तिसरा माणूस आला की रॅकेट लागलीच म्हणून समजा.

तीन क्रमांकाचं कोर्ट दिलं तरी चालेल. त्याची मागची भिंत पोकळ वाजते म्हणून नियमित खेळणारे ते शेवटी घेतात. आमच्या लोकांना फरक कळणार नाही. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत चारपेक्षा कमी नावं आली तर ते कोर्ट नेहमीच्या बुकिंगला सोडून द्यावं.

शनिवार-रविवार का नाही, असं विचाराल. आठवड्यातून एकदा शिकलेलं सात दिवसांत विरतं. मंगळवारी हाताला बसलेलं गुरुवारी अजून थोडं शिल्लक असतं. शिवाय रविवार हा घरच्यांचा, पहिला खाडा रविवारीच पडतो.

हे सत्र बिघडण्याच्या दोन वाटा मला दिसतात, त्या आत्ताच सांगतो. एक, जुने खेळाडू "पाच मिनिटं हात मोकळा करतो" म्हणून आत येतील. त्यांना प्रेमाने पण दारातच थांबवावं लागेल, आणि ते काम कोचने नव्हे, कमिटीने करायला हवं. दोन, काही नवशिके तिथेच मुक्काम ठोकतील, कारण तिथे हरायची भीती नाही. म्हणून बाहेर पडायची अट आधीच ठरवू. दहापैकी सात सर्व्हिस बरोबर पडल्या पाहिजेत, म्हणजे पुढच्या भिंतीवर सर्व्हिसच्या रेषेच्या वर लागून समोरच्याच्या मागच्या चौकोनात. लाल चेंडूने दहा फटक्यांची रॅली झाली पाहिजे. आणि न सांगता योग्य वेळी थांबता आलं पाहिजे. हे तिन्ही जमलं की मिश्र बॅच, मग सोळा सत्रं पुरी झालेली असोत वा नसोत. उन्हाळ्यात कोर्ट तापलं की निळा चेंडू फारच उडतो, तेव्हा कोचने सरळ लालवर जावं.

फायदा झाला की नाही हे मोजायला मोठं काही नको. पहिल्या आणि शेवटच्या सत्रात प्रत्येक जोडीची सगळ्यात लांब रॅली वहीत लिहायची, आणि आठ आठवड्यांनंतर सहापैकी किती जण स्वतः कोर्ट बुक करून खेळतायत ते रजिस्टरमध्ये पाहायचं. दोनच राहिले तर मी स्वतः हा प्रस्ताव मागे घेईन.

"आम्ही असेच शिकलो" असं बैठकीत एक ज्येष्ठ सभासद म्हणाले. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण तसं शिकता न आलेले लोक त्या बैठकीत नव्हते, ते तीन संध्याकाळी येऊन गेले आणि त्यांची नावं आपल्या जुन्या रजिस्टरमध्ये आहेत. माझंही जवळपास गेलंच होतं.

कळावे,
आपला,
एक सभासद (बॅकहँड अजून कच्चा)

ता. क. सोबत एक निळा आणि एक डबल डॉट चेंडू पाकिटात ठेवला आहे. दोन्ही न तापवता टेबलाशेजारी खांद्याच्या उंचीवरून सोडून पाहावेत. निळा कपाटाखाली गेला तर माझी हरकत नाही, माझ्याकडे आणखी चार आहेत.