औषध बंद करा असं नोटिशीत म्हटलेलंच नाही!

पाळणाघराच्या आजारपणाच्या नोटिशीचं मराठी करणाऱ्यांनो, तुम्ही लिहिलेलं एकदा मोठ्याने वाचता का? हे वाक्य बघा: ‘बालक औषधांच्या वापराविना किमान 24 तास तापमुक्त असणे अनिवार्य आहे.’ ऑफिसच्या जिन्यात उभं राहून, फोनवर आलेला फोटो बोटांनी मोठा करून हे वाचणारी आई काय समजेल? दोनच गोष्टी समजतील आणि दोन्ही चुकीच्या आहेत.

पहिली समजूत अशी की औषध द्यायचंच नाही. म्हणजे मूल तापाने फणफणतंय आणि घरचे हातातली सिरपची बाटली परत कपाटात ठेवतायत, कारण ‘औषधांच्या वापराविना’. दुसरी समजूत अशी की कुठलंही औषध चालू असेल तर मूल न्यायचंच नाही. मग डॉक्टरांनी पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स दिला असेल, तर ताप दुसऱ्याच दिवशी गेलेला असूनही आई किंवा बाबा पाच दिवस बिनपगारी रजा टाकून घरी बसतात. मूळ नियमात यातलं काहीही नाही. नियम फक्त ताप उतरवणाऱ्या औषधाबद्दल आहे, म्हणजे पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन. ते औषध पोटात असताना ताप उतरलेला दिसतो, पण तो उतरलेपणा हिशेबात धरायचा नाही, एवढंच सांगायचं होतं. मग तेवढंच सांगा ना! ‘ताप असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं औषध जरूर द्या. पण तापाचं औषध न देता पूर्ण 24 तास ताप आला नाही, तरच मुलाला पाठवा. खोकल्याचं औषध किंवा अँटिबायोटिक चालू असेल तर ते या नियमात येत नाही.’ एकाऐवजी तीन वाक्यं झाली. होऊ देत.

आणि ‘24 तास’ला ‘एक दिवस’ लिहिणाऱ्यांचा तर खरोखर संताप येतो. एक दिवस म्हणजे उद्या, असंच कुणीही धरणार. समजा मंगळवारी दुपारी 3 वाजता मुलाला 101 ताप आला. फोन गेला, 4 वाजता मूल घरी. रात्री सिरप दिलं. बुधवारी पहाटे 6 वाजता परत 100.8, परत सिरप. सकाळी 8 वाजता थर्मामीटर 98.4 दाखवतो, अंग गार, मूल खेळतंय. नोटिशीत ‘एक दिवस ताप नसावा’ असेल तर घरचे म्हणणार, झाला की दिवस, चला. मूल 9 वाजता पाळणाघरात. पॅरासिटामॉलचा असर साधारण चार ते सहा तास टिकतो, त्यामुळे दुपारी बाराच्या आतबाहेर ताप पुन्हा चढतो आणि पुन्हा फोन. बाई चिडलेल्या, आई रडकुंडीला आलेली आणि बाकीची मुलं सकाळभर त्याच्याबरोबर तीच खेळणी तोंडात घालत बसलेली.

आता हाच हिशेब नीट करा. शेवटचा डोस बुधवारी पहाटे 6 ला. त्यानंतर औषध दिलं नाही आणि ताप आलाच नाही, तर गुरुवारी पहाटे 6 ला 24 तास होतात, म्हणजे गुरुवारी सकाळी मूल येऊ शकतं. पण बुधवारी दुपारी 12 ला ताप आला आणि पुन्हा डोस दिला, तर मोजणी तिथून नव्याने सुरू. 24 तास गुरुवारी दुपारी 12 ला भरतात, म्हणजे व्यवहारात शुक्रवार सकाळ. हे उदाहरण नोटिशीत घातलं तर चार ओळी जातात. काही पाळणाघरं शेवटच्या डोसपासून मोजतात, काही औषधाचा असर संपल्यापासून. तुमच्याकडे कुठला नियम आहे ते संचालकांना विचारून घ्या आणि लिहा. अर्थ लागत नसेल तर तो वाक्याच्या धुक्यात लपवू नका.

ताप म्हणजे किती, हेही तसंच. मूळ कागदावर 38 अंश सेल्सिअस असतं, तुम्ही ‘38 अंश’ उतरवून मोकळे होता. घरी ताप 100, 101 असाच बोलला जातो. 38 सेल्सिअस म्हणजे 100.4 फॅरनहाइट, दोन्ही आकडे शेजारी लिहा. शिवाय ताप कुठे मोजायचा तेही लिहा. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा कमी येतो, आणि याच फरकावरून दारात वाद होतात.

पोटाच्या तक्रारींना ‘अतिसार’ आणि ‘वमन’ कशासाठी? जुलाब आणि उलट्या म्हणा. तेही नेमके. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी मुळातच पातळ असते आणि दूध टाकणं म्हणजे उलटी नव्हे. ‘नेहमीपेक्षा पातळ, नेहमीपेक्षा जास्त वेळा, डायपरमधून बाहेर येणारी शी’ असं लिहिलं की आजीलाही कळतं आणि मावशींनाही. कांजिण्यांच्या नियमात ‘पुटिका शुष्क होईपर्यंत’ असं लिहून कुणाचं भलं होतं? ‘सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत’ लिहा. ‘सगळ्या’ हा शब्द गाळू नका, कारण जुन्या फोडांवर खपली असते तेव्हा नवे फोड येत असतात.

मग येतो घ्यायला येण्याचा नियम. ‘सूचना प्राप्त झाल्यापासून एका तासाच्या आत बालकास नेण्याची व्यवस्था करण्यात यावी.’ कुणी करायची? सूचना कधी प्राप्त झाली म्हणायची? आई मीटिंगमध्ये आहे, फोन सायलेंटवर आहे, 2.10 चा मिस्ड कॉल तिने 2.50 ला पाहिला. तास कुठून धरायचा? पाळणाघर म्हणतं 2.10 पासून, आई म्हणते 2.50 पासून, आणि कर्मणी प्रयोगातलं वाक्य दोघांनाही बरोबर ठरवतं. ‘आम्ही आधी आईला, मग वडिलांना फोन करू. दोघांनी उचलला नाही तर तुम्ही दिलेल्या तिसऱ्या नंबरवर करू. पहिल्या फोनपासून एका तासात कुणीतरी घ्यायला या.’ करणारा कोण, ते प्रत्येक वाक्यात दिसलं पाहिजे.

‘अधिकृत व्यक्ती’वरही असाच घोळ होतो. आजोबांना वाटतं, आपण सख्खे आजोबा, आपल्याहून अधिकृत कोण? ते धावतपळत येतात आणि दारात त्यांना अडवलं जातं, कारण फॉर्मवर त्यांचं नाव नाही. आत मूल तापाने मलूल पडलंय आणि बाहेर म्हातारा माणूस अपमान गिळतोय. ‘आजी-आजोबा असले तरी फॉर्मवर नाव नसेल तर मूल देता येणार नाही. नावं आजच लिहून द्या. येताना फोटो असलेलं ओळखपत्र आणा.’ हे ठळक अक्षरात आणि वरच्या अर्ध्या पानात छापा, स्वाक्षरीच्या खाली बारीक टाइपात नको.

नोटीस पाठवण्याआधी ती पाळणाघराशी संबंध नसलेल्या कुणालातरी वाचायला द्या आणि विचारा: आत्ता तीन वाजता फोन आला, तर कोण जाईल, किती वाजेपर्यंत, आणि मूल परत कुठल्या दिवशी येईल? तिन्ही उत्तरं कागदावर बोट ठेवून देता आली नाहीत, तर ती नोटीस पालकांच्या ग्रुपवर टाकू नका.