घसारा लिहून मोकळं होता येत नाही, त्याचं कारण

इटालियन कंपन्यांच्या हिशेबाच्या कागदांचं मी भाषांतर करतो. त्यातल्या शब्दांवरच्या माझ्या लेखावर एका वाचकाची प्रतिक्रिया: "बिलांचो म्हणजे ताळेबंद, रिकावी म्हणजे उत्पन्न, अम्मोर्तामेंतो म्हणजे घसारा. कुठल्याही शब्दकोशात आहे. एवढ्यासाठी तुम्ही लेखभर शब्दांचा कीस काढलात आणि गुंतवणूकदाराला उगाच घाबरवलंत."

शब्दकोश मीही उघडतो, पण हिशेबाचा कागद समोर घेऊन. इटलीच्या दिवाणी संहितेच्या कलम २४२३ प्रमाणे 'बिलांचो' हा अख्खा गठ्ठा असतो: ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, रोख प्रवाह पत्रक (छोट्या कंपन्यांना यातून सूट आहे) आणि टिपा. आपण ज्याला ताळेबंद म्हणतो तो त्यातला एक भाग, 'स्तातो पात्रिमोनियाले'. 'बिलांचो मिळाला' याचं भाषांतर 'ताळेबंद मिळाला' केलं, तर नफा-तोटा आलाय की नाही हेच गुंतवणूकदाराला कळत नाही.

खरी मेख 'रिकावी'त आहे. नफा-तोटा पत्रकाच्या कलम २४२५ मधल्या नमुन्यात सगळ्यात वर 'वालोरे देल्ला प्रोदुत्सिओने', म्हणजे उत्पादनाचं मूल्य, असा गट येतो. समजा एका कारखान्याची विक्री ४० लाख युरो, तयार मालाच्या साठ्यात वाढ ९ लाख आणि किरकोळ उत्पन्न १ लाख. गटाची बेरीज ५० लाख. 'रिकावी' त्यातली पहिली ओळ, ४० लाखांची. गटाच्या बेरजेला 'उत्पन्न' म्हटलं की गोदामात पडून असलेले ९ लाख विकल्यासारखे दिसतात. इटालियन हिशेबनीस यात काही लपवत नाहीत. खाली त्या मालाचाही खर्च धरलेला असतो, म्हणून वर साठ्यातली वाढ जोडावी लागते. आपल्या कंपनी कायद्याच्या नमुन्यात हाच फेरबदल खर्चाच्या बाजूला बसतो, त्यामुळे आपल्या वाचकाला तो वर असेल अशी शंकाही येत नाही. म्हणून मी 'निव्वळ विक्री' लिहितो. सूट आणि परत आलेला माल वजा करूनच तो आकडा येतो.

आता घसारा. इमारत आणि यंत्रांपुरतं तुमचं म्हणणं मान्य. पण नफा-तोटा पत्रकात पेटंट, सॉफ्टवेअर यांच्यासारख्या अमूर्त मालमत्तेची किंमत वर्षावर्षाला खर्ची टाकतात, तेही 'अम्मोर्तामेंतो'च. त्याची ओळ वेगळी असते; तिला मी 'अमूर्त मालमत्तेचं निर्लेखन' म्हणतो. शिवाय कर्जाच्या कागदांत 'पियानो दि अम्मोर्तामेंतो' आलं, तर ते हप्त्यांचं वेळापत्रक असतं. हे मी ठेच लागून शिकलो. सुरुवातीच्या एका कामात बँकेच्या कर्जाखाली मी ऐटीत 'घसाऱ्याचं वेळापत्रक' लिहून दिलं. ग्राहकाचा फोन आला, "अहो, कर्ज झिजतं का?" ते पान मी त्याच रात्री बदलून पाठवलं, बिल मात्र पुढचे दोन महिने पाठवायचा धीर झाला नाही.

'घाबरवलंत' हे मात्र मान्य. त्या लेखात उदाहरण आधी द्यायला हवं होतं.